अक्षता हवेत असताना

लग्नाच्या फिल्ममध्ये चित्र थांबवण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो तो ‘शुभमंगल सावधान’ झाल्याबरोबर. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, सनई वाढते आणि एडिट करणाऱ्याचा हात आपोआप फ्रीजच्या बटणाकडे जातो. मग चित्र थांबतं, पांढरा झगमगाट होतो, कॅमेऱ्याचा ‘खटॅक’ आवाज येतो, थांबलेल्या चित्राभोवती पांढरी किनार उमटते आणि ते किंचित तिरकं होऊन मागे सरकतं. पाहणाऱ्याला सांगायचं असतं एकच, ‘हा क्षण बघा’. ते चार-पाच वेळा ओरडून सांगितलं जातं आणि क्षण मात्र बघायचा राहून जातो.

फ्रेम थांबवणं मुळात स्वस्त नाही. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’चा (1964) शेवट थांबलेल्या चित्रांवरच आहे. नवरा-बायकोचे हात एकमेकांकडे येतात आणि भेटण्याआधीच चित्र गोठतं. फ्रान्स्वा त्रुफो यांचा ‘द 400 ब्लोज’ (1959) समुद्राकाठी कॅमेऱ्याकडे वळलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर थांबतो. दोन्हीकडे फ्रेम थांबते ती क्रिया पूर्ण व्हायच्या आधी. हात भेटले असते किंवा मुलगा पुढे कुठे गेला हे दिसलं असतं, तर थांबण्याला अर्थ उरला नसता. आपल्या कामात मी एवढीच कसोटी लावते: चालत्या चित्रात जे निसटतं ते थांबल्यावर दिसतंय का? दिसत असेल तर सजावट लागत नाही. दिसत नसेल तर सजावटीने ते येतही नाही.

अंतरपाटाचाच शॉट घेऊन बघू. फिल्म चार-साडेचार मिनिटांची आहे, चित्रीकरण सेकंदाला 25 फ्रेम या वेगाने झालं आहे आणि कॅमेरा वधूवरांच्या बाजूला आहे. कापड सरकायला लागल्यापासून हार गळ्यात पडेपर्यंत थांबण्याजोग्या तीन जागा येतात. पहिली, कापड नाकापर्यंत उतरलंय आणि फक्त डोळे दिसताहेत. दुसरी, कापड छातीपाशी आहे, दोघांची नजर एकमेकांवर स्थिरावली आहे, अक्षता हवेत आहेत, पण हसू अजून फुटलेलं नाही. तिसरी, दोघंही मनमोकळं हसताहेत. बहुतेक जण तिसरी निवडतात, कारण ती फोटोसारखी दिसते. पण ते हसू चालत्या चित्रात छान कळतंच, शिवाय ते हळूहळू पसरताना पाहण्यात जास्त गंमत आहे. दुसऱ्या जागेवर मात्र पाव सेकंदाचा असा एक टप्पा असतो, जो डोळ्याला एरवी पकडता येत नाही. थांबायचं तर तिथे.

आता पाव सेकंद म्हणजे सहा-सात फ्रेम. त्यातली एक निवडण्यासाठी एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे-मागे करत बसावं लागतं. मला त्या सेकंदाच्या सगळ्या फ्रेम स्वतंत्र चित्रं म्हणून काढून शेजारी-शेजारी बघणं सोयीचं वाटतं. ज्यांच्या संगणकावर ffmpeg आहे त्यांना ते एका ओळीत जमतं. समजा तो क्षण फाइलमध्ये दोन मिनिटं चौदा सेकंदांना सुरू होतो:

```
ffmpeg -ss 00:02:14 -i lagna.mp4 -t 1 frame_%03d.png
```

पंचवीस चित्रं मिळतात. ती छोट्या आकारात पाहू नका, पडदा भरून पाहा. आधी डोळे बघा. पापणी लवायला काही फ्रेम लागतात आणि चालत्या चित्रात त्या कुणाला जाणवत नाहीत, पण अर्धवट मिटलेल्या डोळ्यांवर चित्र थांबलं तर नवरदेव पेंगलेला दिसतो. मग तोंडं बघा. गुरुजी मंगलाष्टकाच्या शेवटच्या अक्षरावर असतात आणि त्यांचा वासलेला जबडा दोन सेकंद पडद्यावर राहणार असतो. मग कडा बघा, कारण त्यांच्याकडे नेहमी दुर्लक्ष होतं. हलत्या चित्रात प्रेक्षकाची नजर वधूवरांवर खिळलेली असते, चित्र थांबलं की ती भटकायला मोकळी होते. अक्षतांची परात घेतलेला कोपर, मोबाइल उंचावलेला पाहुणा, खांबाला टेकवलेली शिडी, हे सगळं एकदम दिसायला लागतं. थोडं आत कापून ते टाळता येत असेल तर ठीक, नाहीतर शेजारची फ्रेम घ्या.

यानंतरचा अडथळा म्हणजे धूसरपणा. 25 फ्रेमच्या चित्रीकरणात शटर सहसा 1/50 सेकंदावर ठेवतात आणि चालत्या चित्राला तेच शोभतं, कारण हालचालीच्या त्या हलक्या पुसटपणामुळे चित्र सलग वाटतं. थांबवल्यावर तोच पुसटपणा डोळ्यांत खुपतो. अर्धा मीटर खाली पडलेल्या तांदळाच्या दाण्याचा वेग सेकंदाला साधारण तीन मीटर होतो. 1/50 सेकंदात तो सहा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चित्रात दाणा उमटत नाही, पांढरी रेघ उमटते. 1/500 शटरवर तोच दाणा सहा मिलिमीटरच हलतो, म्हणजे जवळपास स्वतःच्या लांबीएवढा, आणि तो दाणा म्हणून ओळखू येतो.

तर मग शटर 1/500 ठेवावं का? मोकळ्या अंगणात, दिवसाच्या मुहूर्ताला, दुसरा कॅमेरा हाताशी असेल तर त्या एका कॅमेऱ्यावर जरूर ठेवा. मुख्य कॅमेऱ्यावर नको, कारण बाकीची सगळी हालचाल धक्के खात असल्यासारखी दिसेल. हॉलमध्ये गणित आणखी बिघडतं. प्रकाश दहापट कमी मिळतो, म्हणजे तीन स्टॉपहून अधिक. शिवाय आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची असल्याने तिच्यावरचे पुष्कळ दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असतात. 1/50 आणि 1/100 या शटरमध्ये त्या चढउताराची पूर्ण आवर्तनं बसतात. त्याहून जलद गेलात की चित्रावर काळपट पट्टे फिरू लागण्याची भीती असते. म्हणून हॉलमध्ये शटर वाढवून उपयोग नाही, फ्रेम निवडण्यात हुशारी करावी लागते. वर फेकलेली अक्षता सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर जवळजवळ थांबते, त्यामुळे त्या आसपासच्या फ्रेममध्ये 1/50 शटरवरही दाणे बऱ्यापैकी नेटके येतात. सगळ्यांच्या अक्षता एकाच वेळी उंचावर नसतात हे खरं, पण पहिली मोठी मूठ जिथे टोक गाठते ती फ्रेम सापडते. बहुतेक हालचालींना असा वळणबिंदू असतो: झोक्याचं टोक, उडीचा माथा, उगारलेला हात खाली यायच्या आधीचा क्षण. फ्रीज तिथे शोधायचा.

फोन किंवा साध्या कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट घडते. जागा वाचवण्यासाठी या फाइल प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक फ्रेम पूर्ण असते आणि मधल्या फ्रेममध्ये शेजारच्यांच्या तुलनेत काय बदललं एवढीच नोंद असते. त्यामुळे शेजारच्या दोन फ्रेममध्येही शालूच्या काठाची जर एकीत स्पष्ट आणि दुसरीत चौकोनी ठिपक्यांची दिसू शकते. भाव सारखाच असेल तर स्पष्ट फ्रेम घ्या, एवढाच त्याचा उपाय.

फ्रेम ठरली. ती किती वेळ धरायची? अंतरपाटाच्या या शॉटला मी दोन सेकंद देते, म्हणजे 50 फ्रेम. एका सेकंदाच्या आत सोडली तर फाइल अडकली की काय असं वाटतं, चार सेकंद धरली तर लोक पुढे काय म्हणून खुर्चीत हलायला लागतात. फ्रेमवर नाव किंवा ओळ असेल तर ती दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ द्यावा. सॉफ्टवेअर स्वतःच्या मर्जीने ठरावीक लांबीचा तुकडा घालतं. प्रीमियरमध्ये Insert Frame Hold Segment दोन सेकंदांचा तुकडा घालतो, फायनल कटमध्ये Option-F दाबल्यावर मूळ सेटिंगप्रमाणे चार सेकंदांचा येतो. तो तसाच सोडून देणं म्हणजे ताल यंत्रावर सोपवणं. संगीताच्या ठेक्यावर त्याचं टोक स्वतः ओढून बसवा.

खरी मेख आवाजात आहे. चित्र थांबलं तरी आवाज थांबवू नये असं माझं ठाम मत आहे. सनई, टाळ्या, कुणाची तरी हाक चालू राहिली तर काळ वाहतोय आणि आपण फक्त नजर रोखून धरली आहे असं वाटतं. चित्रासोबत आवाजही कापला तर वीज गेल्यासारखं होतं. पण आवाज चालू ठेवून दोन सेकंदांचा फ्रीज घातला आणि मग त्याच फ्रेमपासून चित्र पुन्हा सुरू केलं, तर चित्र आवाजाच्या दोन सेकंद मागे पडतं. टाळी दिसते नंतर, ऐकू येते आधी. एका टेबलावर तयार झालेली फिल्म दुसऱ्या टेबलावर गेली की ही चूक हमखास सापडते. मार्ग दोन आहेत. त्या जागी चित्राशी बांधलेला आवाज न ठेवता फक्त संगीत ठेवायचं, मग त्याच फ्रेमपासून चित्र पुन्हा सोडता येतं, आणि गोठलेल्या चेहऱ्यावर हसू फुटताना पाहणं फार सुंदर दिसतं. किंवा मांडवातला खरा आवाज ठेवायचा आणि फ्रीजनंतर दुसऱ्या कॅमेऱ्याच्या शॉटवर जायचं, जो खऱ्या वेळेनुसार दोन सेकंद पुढे असेल. अंतरपाटाच्या बाबतीत मी दुसरा मार्ग घेते, कारण त्या कल्लोळात खरा आवाज सोडवत नाही. फ्रीज संपतो तेव्हा करवली हार पुढे करताना दिसते आणि मधले दोन सेकंद गेले कुठे हे कुणी विचारत नाही.

थांबलेलं चित्र मेलेलं वाटतं याचं एक बारीक कारण कणांमध्ये दडलेलं आहे. फिल्मच्या जमान्यात फ्रीज करायचा म्हणजे ऑप्टिकल प्रिंटरवर एकच फ्रेम नव्या फिल्मवर पुन्हा पुन्हा छापायची. चित्र स्थिर असायचं, पण नव्या फिल्मचे स्वतःचे कण प्रत्येक फ्रेमला बदलत राहायचे, त्यामुळे पृष्ठभाग जिवंत वाटायचा. डिजिटलमध्ये सगळंच गोठतं, हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यातली खरखर सुद्धा. आधीच्या शॉटमध्ये वळवळणारे ठिपके अचानक थिजतात आणि डोळ्याला ते टोचतं. म्हणून फ्रीज केलेल्या तुकड्याची खरखर आधी हलकेच गुळगुळीत करा आणि वरून बारीक, हलता ग्रेन घाला, आजूबाजूच्या शॉटइतकाच. सोबत दोन सेकंदांत 100 वरून 103 टक्क्यांपर्यंत आत सरकण्याची चाल चालेल. ती जाणवली तर जास्त झाली असं समजा. फिल्म 1080 ची आणि चित्रीकरण 4 के असेल तर या सरकण्याला भरपूर जागा मिळते, स्पष्टपणा जात नाही.

किती फ्रीज असावेत? चार मिनिटांच्या फिल्ममध्ये एक. अपवाद तेव्हा, जेव्हा फ्रीज हा फिल्मचा नियमच असतो. मार्टिन स्कोर्सेझी यांच्या ‘गुडफेलाज’मध्ये (1990) चित्र अधूनमधून थांबतं आणि नायक निवेदनात आपलं म्हणणं सांगत राहतो. तिथे थांबणं ही त्या निवेदकाची बोलण्याची पद्धत आहे. केळवणाच्या फिल्ममध्ये आत्या, मामा, मावशी, काकू यांची ओळख अशी करून द्यायची असेल तर खुशाल करा, पण सगळ्यांना सारखाच वेळ, सारखंच अक्षर आणि नावाची सारखीच जागा द्या. एका आत्याला झगमगाट आणि दुसरीला नुसतं नाव असं झालं तर फिल्म सोडून घरातच वेगळा विषय सुरू होईल.

फ्रीजसारखाच हात शिवशिवायला लावणारा दुसरा प्रकार म्हणजे उलटी क्लिप. तिचं तंत्र सोपं आहे, पण निर्णय अवघड. ती एकतर अजिबात कळू नये, नाहीतर उघडउघड कळावी. मधलं काही चालत नाही.

न कळणारा उपयोग रोजच्या कामाचा आहे. स्लायडरवर कॅमेरा ठेवून रुखवताच्या टेबलावरून पुढे सरकलात. सुरुवात स्थिर आली, पण शेवटी हात हलला. फिल्मला तर बाहेर येणारी चाल हवी आहे. क्लिप उलटी करा, स्थिर भाग शेवटी येतो आणि धक्का सुरुवातीला, तो कापून टाकता येतो. अट एवढीच की चित्रात काळाची दिशा सांगणारं काही नसावं. अशा गोष्टी वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. होमाचा धूर वर जातो, उलटा केला की कुंडात शिरतो. चालणाऱ्याची टाच आधी टेकते. पापणी मिटते झटकन आणि उघडते जरा सावकाश, त्यामुळे उलट्या क्लोजअपमध्ये डोळे विचित्र वाटतात, पण का ते सांगता येत नाही. मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटाही बघून घ्या. वाऱ्याने हलणारी झेंडूची तोरणं, दूरचे ढग, निर्जीव मांडणी हे सगळं उलटं चालतं. आणि गंमत म्हणजे हवेतली अक्षताही चालते. वर जाणारा आणि खाली येणारा दाणा एकाच वाटेने, एकाच गतीने जातो, काळ उलटला तरी त्याची कमान तशीच दिसते. घात होतो तो दाणा डोक्यावर आदळून उसळतो तिथे, किंवा मुठीतून सुटतो तिथे. ती दोन्ही टोकं कापा.

उघड उलटेपणाची परंपरा सिनेमाइतकीच जुनी आहे. ल्युमिएर बंधूंची 1896 मधली भिंत पाडण्याची छोटी फिल्म उलटी दाखवली जायची आणि धुळीतून भिंत उभी राहायची. झाँ कोक्तो यांच्या ‘ऑर्फे’मध्ये (1950) रबरी हातमोजे आपणहून हातांवर चढतात; मोजे काढतानाचा शॉट उलटा चालवलेला आहे. ते पात्र आरशातून मृत्यूच्या प्रदेशात जाणार असतं, म्हणून तिथे निसर्गनियम मोडणं हीच कथा आहे. हळदीच्या फिल्ममध्ये हळद गालावरून सुटून बोटांवर परत जाते तेव्हा असं कुठलं कारण असतं? पाठवणीपासून मागे मागे जात कांदेपोह्यांपर्यंत पोहोचणारी फिल्म असेल तर एखादा उलटा शॉट तिचं व्याकरण ठरू शकतो. नुसता गंमत म्हणून आला तर तो इन्स्टाग्रामच्या बूमरँगसारखा वाटतो, आणि ती पुढे-मागे हलणारी चाल फोनवर इतकी पाहून झाली आहे की कुणाला तिचं कौतुक उरलेलं नाही.

उलटी क्लिप तयार करताना आवाज आधी काढून टाका आणि त्याच जागेचा सुटा आवाज खाली ठेवा. उलटं झालेलं बोलणं कानाला लगेच कळतं, फार हळू ठेवलं तरी. फोनची फाइल उलटी चालवताना अडखळते, कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे तिच्या बहुतेक फ्रेम अपूर्ण असतात आणि मागे जाताना सॉफ्टवेअरला त्या दर वेळी पुन्हा जुळवाव्या लागतात. तेवढा तुकडा आधी प्रोरेज किंवा डीएनएक्सएचआरमध्ये बदलून घ्या. वेग कमी करायचा असेल तर चित्रीकरणच 50 किंवा 100 फ्रेमवर झालेलं असावं. 25 ची क्लिप ताणून उलटी केली की ताणल्याचा आणि उलटवल्याचा असे दोन्ही दोष एकत्र दिसतात.

राहिलं व्हिडिओतून काढलेलं स्थिर चित्र, म्हणजे ग्रॅब. 1080 च्या एका फ्रेममध्ये सुमारे 20 लाख ठिपके असतात, 4 केमध्ये सुमारे 83 लाख. अल्बमवाल्याला इंचाला 300 ठिपके हवे असतात, म्हणजे 1080 ची पूर्ण फ्रेम सव्वासहा इंच रुंदीपर्यंत छान छापता येते, 4 के साडेबारा इंचांच्या आसपास. पण गर्दीच्या शॉटच्या कडेला उभी असलेली, डोळे पुसणारी आजी तुम्हाला हवी आहे आणि ती 4 के फ्रेमच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शात आहे, तर हाती 1280 ठिपके येतात. पडदा भरायला ते दीडपट ताणावे लागतील आणि आजी मऊ, मेणाची दिसेल. ताणू नका. पडद्यावर ती मूळ आकारातच, सभोवती गडद रिकामी जागा सोडून दाखवा. सहा बाय चारच्या छापील फोटोला तेवढे ठिपके पुरतात. ग्रॅब रंगदुरुस्ती झाल्यावर काढा आणि पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा, म्हणजे जेपेगची दुसरी झीज टळते.

आईबाबांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटमधून ग्रॅब काढायचा असेल तर वेगळी खबरदारी लागते. त्या चित्रात सेकंदाला 25 फ्रेम असल्या तरी प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, एकाआड एक ओळींची, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली. हलता हात थांबवला की कडांना कंगव्याचे दात फुटतात. आधी डीइंटरलेस करा, मग फ्रेम निवडा, तीही जिथे सगळे जवळजवळ स्थिर आहेत अशी. 720 बाय 576 ची जुनी फाइल संगणकावर तशीच काढली तर माणसं किंचित बारीक दिसतात, कारण तिचे ठिपके चौरस नसतात. सर्वसाधारण 4:3 चित्रासाठी ती 768 बाय 576 करून घ्यावी. व्हीएचएसच्या तळाशी काही ओळी फाटलेल्या दिसतात, त्या कापा. नंतर तिला धार आणायच्या फंदात पडू नका. आजच्या 4 के शॉटशेजारी ती भुरकट फ्रेम लहान आकारात ठेवली तर कुणालाही ती निकृष्ट वाटत नाही, पडदाभर ताणली तरच वाटते.